जुना नारिंगी काढताना चेहरा जपणे

कंपनीने आपला ओळखीचा रंग बदलला की दुकानांच्या पाट्या, पिशव्या आणि गणवेश नव्या रंगात पुन्हा तयार होतात. आधी काढून ठेवलेल्या छायाचित्रांचे काम मात्र इतके सरळ नसते. 2007 मध्ये भारतात ‘हच’ची ‘व्होडाफोन’ झाली, तेव्हा गुलाबीची जागा लाल रंगाने घेतली. असा बदल होतो तेव्हा जुन्या रंगाचा सदरा घातलेले विक्रेते, जुन्या रंगाची छत्री धरलेली मुले आणि जुन्या रंगाच्या काउंटरमागे उभे असलेले कर्मचारी शेकडो छायाचित्रांत तसेच राहतात. सगळ्यांना पुन्हा बोलावून छायाचित्रण करणे महाग पडते. म्हणून संगणकावर फक्त तो रंग बदलण्याचा मार्ग निवडला जातो आणि त्यासाठी फोटोशॉपमधील Color Range ही निवड-पद्धत सर्वाधिक उपयोगी पडते.

जुना रंग निळा किंवा हिरवा असेल तर काम बरेच सोपे असते, कारण माणसाच्या त्वचेत ते रंग जवळजवळ नसतात. अडचण होते ती जुना रंग नारिंगी, विटकरी, पोवळ्यासारखा किंवा मोहरीसारखा असतो तेव्हा. त्वचेचा रंग याच कुटुंबातला आहे, मग ती गोरी असो, गव्हाळ असो वा सावळी. म्हणून इथे मुद्दाम अवघड उदाहरण घेतले आहे. समजा, दुधाचे पदार्थ विकणाऱ्या एका कंपनीचा जुना रंग नारिंगी होता, म्हणजे लाल 242, हिरवा 101, निळा 34. नवा रंग गडद हिरवट-निळा आहे, म्हणजे लाल 0, हिरवा 121, निळा 107. संग्रहात काही शे छायाचित्रे आहेत आणि बहुतेकांत नारिंगी सदऱ्यातली माणसे आहेत.

हे आकडे रंगछटा, संपृक्तता आणि उजळपणा या तीन मापांत मांडले की अडचणीचे मूळ दिसते. रंगछटा म्हणजे रंगचक्रावरचे स्थान, ते अंशांत मोजतात. संपृक्तता म्हणजे रंगात राखाडीपणा किती कमी आहे ते, आणि उजळपणाचा अर्थ उघडच आहे. जुन्या नारिंगीची रंगछटा सुमारे 19 अंश येते आणि संपृक्तता 86 टक्के. दिवसाच्या उजेडातल्या एखाद्या गव्हाळ गालावर लाल 190, हिरवा 135, निळा 105 असे आकडे मिळतात. त्याची रंगछटा निघते सुमारे 21 अंश, संपृक्तता 45 टक्के. सावळ्या गालावर 120, 78, 54 असे आकडे मिळाले तर रंगछटा पुन्हा सुमारे 22 अंशच येते, संपृक्तता 55 टक्के. माणूस गोरा की सावळा याने रंगछटेत फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो मुख्यतः उजळपणात. सदरा आणि गाल यांच्यात रंगछटेचे अंतर जेमतेम दोन-तीन अंश आहे. त्यांना वेगळे करणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे संपृक्तता.

म्हणूनच फक्त रंगछटा पाहून ‘सगळे नारिंगी बदला’ अशी आज्ञा दिली की चेहरेही हिरवट होतात. संपृक्ततेवर विसंबलो तरी दोन ठिकाणी सीमा पुसट होते. पहिले ठिकाण म्हणजे सदऱ्यावरचा उजळ, उन्हाने फिकटलेला भाग. तिथे 250, 170, 125 असे आकडे असू शकतात आणि संपृक्तता 50 टक्क्यांवर येते, म्हणजे कापड त्वचेच्या पट्ट्यात उतरते. दुसरे ठिकाण याच्या उलट आहे. त्वचेवर सावली पडली की तिची संपृक्तता वाढते. हनुवटीखाली, बोटांच्या फटींत, नाकाच्या कडेला हे दिसते. मागून ऊन आले की कानाच्या पाळीतून लालसर-नारिंगी उजेड पाझरतो, तिथेही तेच. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात तर साधा गालही 68 टक्क्यांपर्यंत चढू शकतो आणि तो कापडाच्या दिशेने सरकतो. पुढची सारी खटपट या दोन जागांसाठी असते. उरलेला भाग यंत्र बऱ्यापैकी सांभाळते.

मास्क म्हणजे छायाचित्राच्याच आकाराचे एक काळे-पांढरे चित्र. ते ज्या थराला जोडलेले असते, त्या थराचा परिणाम मास्कमधल्या पांढऱ्या भागात पूर्ण दिसतो, काळ्या भागात मुळीच दिसत नाही आणि राखाडी भागात त्या प्रमाणात दिसतो. Color Range असा मास्क रंगाच्या आधारे तयार करते. Select मेनूतून ती उघडली की ड्रॉपरने छायाचित्रातल्या रंगावर टिचकी मारायची. त्या रंगाशी जवळचे बिंदू पांढरे दिसतात, लांबचे काळे आणि मधले राखाडी. किती लांबचे रंग आत घ्यायचे हे Fuzziness ही पट्टी ठरवते. ती 0 ते 200 पर्यंत जाते. ‘मॅजिक वाँड’सारखी ‘आत किंवा बाहेर’ अशी कठोर सीमा इथे नसते. कापडाच्या घड्यांवर रंग हळूहळू बदलत जातो, त्यामुळे हा राखाडी उतार फार कामाचा असतो. मात्र हाच उतार त्वचेवर पोचला की घात करतो. गालावर दहा टक्के राखाडी असली तर पडद्यावरच्या मास्कमध्ये ती जवळजवळ काळीच दिसते, पण रंग बदलल्यावर माणूस आजारी वाटू लागतो.

नमुने कसे घ्यायचे यावर पुढचे बरेच अवलंबून असते. सदऱ्याच्या मध्यम उजेडातल्या भागावर पहिली टिचकी मारावी. मग शिफ्ट दाबून घडीच्या सावलीतला एक-दोन ठिकाणचा रंग जोडावा आणि Fuzziness 30 ते 40 च्या आसपास ठेवावी. एकच नमुना घेऊन पट्टी 120 वर ओढण्याचा मोह टाळलेला बरा, कारण तशी निवड सगळ्या दिशांना पसरते आणि त्यातली एक दिशा चेहऱ्याकडे जाते. उलट बाजूने, दिसेल तो प्रत्येक रंग जोडत सुटणेही धोक्याचे आहे. ही आज्ञा ॲक्शनमध्ये नोंदवली जाते तेव्हा नमुन्यांची किमान आणि कमाल लॅब मूल्ये लिहिली जातात. लॅब म्हणजे उजळपणा आणि रंगाचे दोन अक्ष अशी मोजणी. प्रत्येक नवा नमुना या किमान-कमाल मर्यादा रुंदावतो. सदऱ्यावरचा फिकट, उन्हाळलेला ठिपका जोडला की मर्यादेत गालाचा रंगही येऊन बसतो. म्हणून फिकट भाग नमुन्यात घेऊ नये. तो नंतर ब्रशने मास्कवर हाताने भरावा. यात वेळ जातो हे खरे, पण चेहरा दुरुस्त करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा तो कमीच असतो.

एकेक छायाचित्र हाताळताना आणखी एक सोय आहे. Color Range उघडण्याआधीच लॅसोने सदऱ्याभोवती ढोबळ रेघ ओढून ठेवली, तर निवड त्या रेघेच्या आतच होते. रेघ काटेकोर असण्याची गरज नाही, चेहरा आणि हात बाहेर राहिले की पुरे. याच चौकटीत Localized Color Clusters हा पर्याय आहे. तो लावला की नमुन्याच्या जागेपासून लांबचे बिंदू वगळले जातात. सदरा छातीपाशी आणि चेहरा वर असेल, तर एवढ्यानेही बराच फरक पडतो.

त्वचेसाठी फोटोशॉपमध्ये एक तयार वाटही आहे. Color Range च्या यादीत Skin Tones हा पर्याय 2012 मध्ये आलेल्या सीएस6 आवृत्तीपासून मिळतो आणि त्याच्या जोडीला Detect Faces हा चौकोन असतो. तो टिचकवला की चेहरे ओळखून त्यांच्या रंगाभोवती निवड बांधली जाते. ही निवड उलटी करून थेट वापरावी असे वाटते, पण तसे करू नये. नारिंगी सदरा, लाकडी टेबल आणि विटांची भिंत यांनाही ती थोडीफार त्वचा समजते. त्यामुळे सदऱ्यातला जो भाग बदलायचा आहे, त्यावरच संरक्षण चढते आणि कापडावर नारिंगी डाग शिल्लक राहतात. या निवडीला कच्चा मसुदा मानावे आणि सदऱ्यावर चढलेले संरक्षण ब्रशने पुसून टाकावे.

व्यवहारात सर्वांत भरवशाची ठरते ती दोन मास्कची रचना. आतल्या ग्रुपला रंगावरून केलेला मास्क द्यायचा. हा ग्रुप दुसऱ्या, बाहेरच्या ग्रुपमध्ये ठेवायचा आणि त्या बाहेरच्या ग्रुपला त्वचेचा रक्षक मास्क द्यायचा, त्यात त्वचा काळी आणि बाकी सगळे पांढरे. एखाद्या बिंदूवर बदल दिसण्यासाठी दोन्ही मास्कनी परवानगी द्यावी लागते, म्हणून रक्षक मास्कमध्ये जे पूर्ण काळे आहे ते आतल्या मास्कमध्ये कितीही गडबड झाली तरी शाबूत राहते. शिवाय दोन्ही स्वतंत्र असल्याने नमुने बदलून रंगाचा मास्क पुन्हा केला, तरी चेहऱ्यावर केलेले हातकाम वाया जात नाही. सगळे एकाच मास्कमध्ये कोंबणाऱ्याला प्रत्येक सुधारणेनंतर ते हातकाम नव्याने करावे लागते.

आता प्रत्यक्ष रंग बदलणे. आतल्या ग्रुपमध्ये Hue/Saturation चा थर ठेवायचा. जुनी रंगछटा 19 आणि नवी सुमारे 173, म्हणून पट्टी +154 वर न्यायची. इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. गडद हिरवट-निळ्याऐवजी भडक, झगझगीत फिरोजी उमटतो. कारण साध्या हिशेबाने कळते. रंगछटा फिरवली तरी तिन्ही आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा तोच राहतो. म्हणून 242, 101, 34 चे सुमारे 34, 242, 218 होते. डोळ्याला हिरवा लालपेक्षा कितीतरी उजळ भासतो, त्यामुळे मूळ नारिंगीपेक्षाही हा रंग अधिक उजळ दिसतो, आणि हवा असलेला रंग तर त्याहून बराच गडद आहे.

उजळपणा कमी करायला त्याच थरातली Lightness पट्टी खाली ओढली जाते, आणि तीच चूक ठरते. तिच्यामुळे सगळ्या रंगात एकसारखा काळेपणा मिसळतो आणि कापड धुरकट दिसू लागते. त्याऐवजी Hue/Saturation च्या वर Curves चा थर ठेवावा. रेषेचे खालचे टोक उजवीकडे सरकवून 34 या आकड्याला 0 वर आणावे आणि वरचे टोक खाली ओढून 255 ला सुमारे 129 वर आणावे. या सरळ रेषेवर 242 चे 121 होते, 218 चे 107 आणि 34 चे 0. म्हणजे भडक फिरोजी अचूक नव्या रंगावर येऊन थांबतो. नारिंगी आणि नवा रंग यांची जोडी बदलली की हे आकडे बदलतील, पण कृती तीच राहते. आधी रंगछटा फिरवायची, मग मिळालेले आकडे आणि हवे असलेले आकडे यांना जोडणारी रेषा काढायची. फिकट भागांत कापडाची चमक मेलेली वाटली, तर रेषेचे वरचे टोक थोडे उचलावे.

हा अचूकपणा फक्त समोरून एकसारखा उजेड पडलेल्या भागापुरता आहे, हे इथे लक्षात ठेवावे. छायाचित्रातले कापड कधीच एका रंगाचे नसते, त्यामुळे प्रत्येक घडीवर ब्रँडचा आकडा शोधत बसणे व्यर्थ आहे. सपाट पट्ट्या, चौकटी आणि बोधचिन्हे यांचा आकडा मात्र काटेकोर जुळला पाहिजे. ती मास्कने रंगवू नयेत, मूळ रेखाकृतीतून नवीन बसवावीत.

एका छायाचित्रावर हे जमले की संग्रहाकडे वळता येते. सरसकट सगळ्यांवर एकच ॲक्शन चालवण्याने अर्धे काम बिघडते, कारण दुपारच्या उन्हातला नारिंगी आणि दिव्याखालचा नारिंगी यांचे आकडे वेगळे असतात. म्हणून आधी छायाचित्रे प्रकाशानुसार वेगळी करावीत. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, एकाच दिव्यांत काढलेल्यांचा एक गट. सगळ्या फायली एकाच रंग-प्रोफाइलमध्ये, वेबसाठी साधारणतः sRGB मध्ये, आणून घ्याव्यात. नाहीतर दिसायला तोच असलेला रंग वेगळे आकडे दाखवतो आणि नमुने जुळत नाहीत. मग प्रत्येक गटातल्या एका नमुनेदार छायाचित्रावर Color Range ची मूल्ये ठरवावीत. त्या चौकटीतल्या Save बटणाने ती फाइलमध्ये ठेवता येतात आणि Load ने पुन्हा आणता येतात. ॲक्शनमध्ये निवड, ग्रुप, मास्क आणि दोन थर एवढे नोंदवून File मेनूतल्या Automate खालील Batch ने तो गट चालवावा. Color Range पडद्यावर जे दिसते त्यावर काम करते, म्हणून रंग बदलणारे थर निवडीनंतरच तयार झाले पाहिजेत. फाइल थरांसह PSD मध्ये जतन करावी. थर एकत्र करून जेपेग करून टाकली की नंतर सापडलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

रक्षक मास्क मात्र ॲक्शनच्या भरवशावर सोडता येत नाही. Skin Tones चा कच्चा मसुदा ॲक्शनमध्ये घेता येतो, पण पुढचा ब्रश माणसानेच चालवावा लागतो. मोठ्या संग्रहाचा वेळ ठरवताना हाच भाग हिशेबात धरायला हवा. यंत्र काही शे फायली एका दुपारीत ओलांडते, पण माणसाच्या नजरेला प्रत्येक चेहऱ्यासाठी काही मिनिटे द्यावीच लागतात. ती वाचवू पाहणाऱ्या कामात हिरवट कान आणि राखाडी ओठ हमखास सापडतात.

चूक ओळखण्याचे दोन मार्ग डोळ्यांपेक्षा विश्वासार्ह आहेत. पहिला, Color Sampler ने गाल, मान आणि हाताची पाठ यांवर एकेक खूण ठेवायची आणि Info पटलातले आकडे थर चालू-बंद करून पाहायचे. त्वचेवरचे आकडे एकानेही हलता कामा नयेत. दुसरा मार्ग संपूर्ण चित्र तपासतो. मूळ छायाचित्राची प्रत सगळ्यात वर ठेवून तिची ब्लेंड पद्धत Difference करायची. जिथे काहीच बदललेले नाही तिथे शुद्ध काळे दिसते, बदल झालेली जागा उजळते. त्यावर Levels चा थर ठेवून फरक ताणला की गालावरची दोन-तीन टक्क्यांची गळतीही ठळक होते. सदऱ्याचा आकार स्पष्ट उजळला आणि चेहरा पूर्ण काळा राहिला, तर काम बरोबर आहे. कुंकू, ओठ, मेंदी, झेंडूची फुले आणि सोन्याचे दागिने या जागाही याच दृश्यात तपासाव्यात, कारण तेही सदऱ्याच्या रंगाच्या शेजारीच राहतात.

कडेवरची नारिंगी रेघ ही वेगळी तक्रार आहे आणि तिचे कारण बऱ्याचदा फाइलमध्येच असते. जेपेग साठवताना उजळपणाचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील कमी केला जाऊ शकतो. मग मान आणि गळपट्टी यांच्या सीमेवर नारिंगी एक-दोन बिंदू त्वचेत पसरलेला असतो. मूळ छायाचित्रात ते लक्षात येत नाही, पण सदरा हिरवट-निळा झाला की भोवती नारिंगी धागा उरतो. मास्क कितीही सुधारला तरी यावर पूर्ण इलाज होत नाही. छायाचित्रकाराकडची रॉ फाइल किंवा मूळ PSD मिळवणे हाच खरा उपाय आहे. ती नसेलच तर त्या कडेवर नवा थर घेऊन, ब्लेंड पद्धत Color ठेवून, शेजारच्या त्वचेचा रंग बारीक ब्रशने भरावा.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे परावर्तन. नारिंगी सदऱ्यावर पडलेला उजेड उसळून हनुवटीखाली आणि मानेवर नारिंगी झाक टाकतो. सदरा बदलल्यावर ती झाक निराधार होते. चित्र कुठेतरी खोटे वाटते, पण कशामुळे ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. त्या झाकेला नवा रंग देऊ नये, कारण मानेवरचा हिरवट उजेड प्रत्यक्षात खरा असला तरी डोळा त्याला आजार समजतो. वेगळ्या थरावर, हाताने काढलेल्या मऊ मास्कने, त्या भागाची संपृक्तता थोडी उतरवावी, दहा-पंधरा एककांच्या आत. त्वचेला जाणीवपूर्वक हात लावण्याची ही एकच जागा आहे, आणि तिथेही रंगछटा न हलवणे चांगले.

काही छायाचित्रे या पद्धतीने बदलू नयेत. पारदर्शक नारिंगी बाटल्या, स्टीलच्या भांड्यांत उमटलेली नारिंगी प्रतिबिंबे, नारिंगी दिव्यांनी न्हाऊन निघालेला मंच अशा चित्रांत रंग वस्तूवर नसतो, उजेडात मिसळलेला असतो, आणि तो वेगळा काढता येत नाही. तिथे नवे छायाचित्रणच करावे. नवा रंग पांढरा किंवा काळा असेल तर रंगछटा फिरवून तो मिळत नाही, कापडाचा पोत हाताने पुन्हा घडवावा लागतो आणि बहुधा तेही पटण्यासारखे होत नाही. जुन्या समारंभाचे, उद्घाटनाचे किंवा निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्यांचे छायाचित्र जाहिरातीसाठी नसून नोंद म्हणून ठेवलेले असेल, तर त्यातला नारिंगी तसाच राहू द्यावा. त्या दिवशी सदरा नारिंगीच होता, आणि संग्रहातल्या अशा फायलींच्या नावात तारीख घालून त्या बदलाच्या यादीतून आधीच बाजूला काढाव्यात.